६४ टक्के कुणाचे? एका प्रतिक्रियेला उत्तर

प्रतिक्रिया: "गोव्यात चाचणी झाली, नैराश्याचे ६४ टक्के रुग्ण बरे झाले, विषय संपला. आता आशाताईंना प्रशिक्षण द्या आणि जिल्हाभर सुरू करा. पोहोच, स्वीकार, टिकाव मोजत बसणं ही एसीत बसणाऱ्यांची हौस. आशांच्या मानधनाबद्दल मात्र लेखात अवाक्षर नाही. आणि लेख वाचताना झोप येते."

झोपेचं आधी. नैराश्यावरचं समुपदेशन जिल्ह्यात राबवताना काय काय मोजायचं, यावरचा माझा लेख लांबला, मान्य. पोहोच, परिणाम, स्वीकार, अंमलबजावणी आणि टिकाव अशी 'री-एम' या मोजणीच्या चौकटीची पाचही अंगं एकाच परिच्छेदात कोंबली नसती तरी चाललं असतं.

पण "एसीत बसणाऱ्यांची हौस" हे कुणाला उद्देशून? मी तालुक्याच्या एका प्राथमिक आरोग्य केंद्रात समुपदेशक म्हणून काम केलंय. लसींच्या फ्रीजशेजारी दोन खुर्च्या, तीच माझी 'खोली'. नवे वैद्यकीय अधिकारी आले आणि तीही गेली. मग व्हरांड्यात बसून बोलायचं, येणारे-जाणारे ऐकत असायचे. बायका दुसऱ्या भेटीनंतर यायच्या बंद झाल्या. उपचार तोच होता, माणूसही तोच, गेली ती फक्त भिंत. तेव्हा ही हौस मी कुठे शिकलो ते कळलं असेल.

आता तुमचे ६४ टक्के. २०१७ साली लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकात आलेली समुपदेशनाची ती चाचणी 'संगत' संस्थेने गोव्याच्या १० प्राथमिक आरोग्य केंद्रांत केली. तज्ज्ञ नसलेले, पण नीट तयार केलेले समुपदेशक ६ ते ८ भेटींत रुग्णाला सुटलेली कामं थोडी थोडी पुन्हा धरायला लावायचे. तीन महिन्यांनी पीएचक्यू-९ या नैराश्य मोजणाऱ्या नऊ प्रश्नांच्या प्रश्नावलीतला गुण १० च्या खाली आला तर सुधारणा झाली असं धरलं. ६४ टक्क्यांची झाली, बरोबर. पण ज्यांना समुपदेशन मिळालंच नाही, फक्त ज्यांच्या डॉक्टरांना निदान कळवलं होतं आणि मार्गदर्शिका दिली होती, त्यांच्यातही ३९ टक्क्यांची झाली. म्हणजे या उपचाराची स्वतःची कमाई २५ टक्क्यांची. तुम्ही ३९ चा उल्लेखही करत नाही, आणि वर विषय संपला म्हणता!

बरं, हे २५ टक्के त्यांच्यातले, ज्यांना शोधून, विचारून चाचणीत घेतलं होतं. जिल्ह्यात तसं कोण करणार? समजा, एका तालुक्यात नैराश्याचे १००० रुग्ण ओपीडीत येतात. परिचारिकेला वेळ मिळतो निम्म्यांनाच प्रश्न विचारायला: ५००. त्यातले निम्मे समुपदेशकाकडे पोहोचतात: २५०. आता गोव्याइतकंच चोख काम झालं असं धरा, तरी उपचारामुळे जादा बरे झालेले साधारण ६२. तुमच्या हिशेबाने ६४०. मधले सगळे कुठे गळले, हे 'पोहोच' मोजल्याशिवाय कसं कळणार? प्रश्नच विचारला नाही म्हणून गळले असतील तर समुपदेशकाचं प्रशिक्षण वाढवून काय उपयोग?

गोवा लांब वाटत असेल तर आपल्या अमरावतीत या. तिथे 'विश्राम' कार्यक्रमाने ३० गावांत काम केलं. नैराश्य असलेल्यांपैकी उपचार घेणारे ४.३ टक्क्यांवरून २७.२ टक्क्यांवर गेले. उत्तम काम. तरीही चारांतले जवळजवळ तीन जण बाहेरच राहिले.

आणि "प्रशिक्षण द्या, सुरू करा" यात चोखपणाचं काय? गोव्यात भेटी ध्वनिमुद्रित व्हायच्या, समुपदेशक गटात बसून एकमेकांच्या भेटी ऐकायचे आणि गुण द्यायचे. जिल्ह्यात सगळ्यात आधी हीच बैठक बंद पडते, कारण तिच्यासाठी ना प्रवासभत्ता, ना रजिस्टरात रकाना. मग ४० मिनिटांची भेट १० मिनिटांवर येते. "मागच्या वेळी ठरवलेलं काम जमलं का?" हा प्रश्न सुटतो आणि उरतो तो उपदेश: मन रमवा, देवळात जा. कागदावर मात्र सहाच्या सहा भेटी पूर्ण.

हे ओळखायची एक खूण सांगतो. पीएचक्यू-९ चा नववा प्रश्न मरणाच्या आणि स्वतःला इजा करण्याच्या विचारांचा आहे. एखाद्या केंद्राच्या रजिस्टरात महिनोन्‌महिने सगळ्यांच्याच पुढे तिथे शून्य असेल, तर गाव सुखी आहे असं समजू नका. तो प्रश्न कुणी विचारतच नाही, आकडे मागाहून भरले जाताहेत, असाच संशय आधी घ्या. रुग्णांचे गुण कमी झाले म्हणून जिल्हा बैठकीत टाळ्या पडतात त्या याच आकड्यांवर. म्हणून गुण वेगळे मोजायचे आणि काम कसं झालं ते वेगळं. यात प्राध्यापकी काय आहे ते तुम्हीच सांगा.

मानधनाचा विषय मोठा आहे, पण तो या लेखाचा नव्हता. आशाताईंचा इतका कळवळा असेल, तर गरोदर मातांच्या नोंदी, लसीकरण आणि सर्वेक्षणं सांभाळून त्यांनी हे आणखी एक काम नेमकं कोणत्या वेळेत करायचं, तेही "सुरू करा" म्हणताना लिहायचं होतं.