गळतीरोधक किती घट्ट करायचा?

"पंपाच्या देखभाल पुस्तिकेत बेअरिंग, बुश, गॅस्केट हे शब्द तसेच ठेवणे हा निव्वळ आळस आहे. बेअरिंगला धारवा हा शब्द आहेच. बुश म्हणजे साधा धारवा. गॅस्केट, पॅकिंग आणि सील ही सगळी गळती थांबवणारी, तेव्हा त्यांना 'गळतीरोधक' हा एकच शब्द पुरे. शब्दकोश उघडा, शब्द बदला, पुस्तिका मराठी झाली."

पुस्तिका शुद्ध मराठीत हवी म्हणणाऱ्यांचा हा युक्तिवाद मला पटत नाही. सुरुवात गळतीरोधकापासून करतो, कारण सर्वांत महागात पडणारी चूक तिथेच आहे. आडव्या सेंट्रिफ्यूगल पंपातून पाणी बाहेर येऊ शकेल अशा जागा दोन जातींच्या असतात. पहिल्या जातीत दोन स्थिर पृष्ठभाग बोल्टांनी आवळून एकमेकांवर बसवलेले असतात, जसे केसिंग, म्हणजे पंपाचे बाहेरचे कवच, आणि त्याचे झाकण. तिथे गॅस्केट असते आणि तिथून एक थेंबही येता कामा नये. दुसऱ्या जातीत फिरता शाफ्ट केसिंगमधून बाहेर पडतो. शेतीच्या आणि पाणीपुरवठ्याच्या असंख्य पंपांत त्या जागी आजही ग्लँड पॅकिंग असते, म्हणजे चौकोनी छेदाच्या विणलेल्या दोरीची कापलेली कडी एकामागे एक बसवून ग्लँड नावाच्या, नटांनी आवळायच्या भागाने दाबलेली असतात. इथून पाणी ठिबकलेच पाहिजे. मिनिटाला साधारण ४० ते ६० थेंब हे प्रमाण पुष्कळ पंपांसाठी सांगितले जाते, कारण तेच पाणी शाफ्ट आणि दोरी यांच्यामध्ये वंगणाचे आणि थंडाव्याचे काम करते.

एका उपसा सिंचन योजनेच्या पंपघरासाठी केलेला अनुवाद काही वर्षांपूर्वी माझ्याकडे तपासणीला आला होता. त्यात एक वाक्य असे होते : "गळतीरोधकातून गळती आढळल्यास तो घट्ट करावा." मराठी म्हणून वाक्यात खोट नाही. परंतु मूळ पुस्तिकेत ही सूचना केसिंगच्या गॅस्केटसाठी होती आणि ग्लँडची सूचना वेगळ्या प्रकरणात होती. अनुवादात दोन्हींना एकच नाव मिळाल्यामुळे पंपचालकाने ग्लँडमधून पाणी ठिबकताना पाहिले आणि पुस्तिकेत लिहिले होते तेच केले. दोन्ही नट पाणी पूर्ण थांबेपर्यंत आवळले. थोड्या वेळाने ग्लँड हात लावता येणार नाही इतकी तापली, करपल्याचा वास आला, आणि उघडून पाहिले तेव्हा दोरी काळी पडून कडक झाली होती व शाफ्टवर चढवलेल्या नळीला, म्हणजे स्लीव्हला, बोटाला जाणवतील असे खोल चर पडले होते. नवी दोरी भरून उपयोग होणार नव्हता, कारण चरांमधून पाणी येतच राहते. स्लीव्ह बदलावी लागली. चालकाची यात काहीही चूक नव्हती.

या जागेसाठी पुस्तिकेत लिहायला हवे ते साधारण असे : "नवे पॅकिंग बसवल्यावर ग्लँडचे नट हाताने लागतील इतकेच लावावेत. पंप सुरू करून पाणी मोकळेपणाने ठिबकू द्यावे. त्यानंतर दर १० ते १५ मिनिटांनी दोन्ही नट सारखेच, नटाची एक बाजू फिरेल इतकेच आवळावेत, आणि थेंब मोजता येऊ लागले की थांबावे." यात ग्लँड, पॅकिंग, नट, पंप हे परके शब्द आहेत आणि तरीही वाक्य आरपार मराठी आहे. मेकॅनिकल सीलची गोष्ट आणखी निराळी आहे. त्यात आवळण्यासारखे काही नसते, डोळ्यांना दिसेल अशी गळती अपेक्षित नसते, आणि कोरडा चालवला तर तो लवकर निकामी होतो. तीन भागांना तीन परस्परविरुद्ध सूचना लागू पडत असतील, तर त्यांचे नाव एक असून चालणार नाही.

गॅस्केटच्या बाबतीत 'रोधक' हा शब्द आणखी एक गोष्ट लपवतो. गॅस्केटला जाडी असते आणि ती जाडी मापात धरलेली असते. ज्या पंपाचे केसिंग शाफ्टच्या पातळीवर आडवे दोन भागांत उघडते, त्यात मूळच्या गॅस्केटपेक्षा जाड शीटमधून नवे कापले, तर वरचा भाग उचलला जातो आणि केसिंगमध्ये धरलेल्या, झीज सोसणाऱ्या वेअर रिंगा सैल बसतात. उलट पातळ वापरले तर त्या चेपल्या जातात. गळती थांबली की काम झाले, असा समज देणारे नाव इथे वाचणाऱ्याला जाडी मोजायची आठवण करून देत नाही.

मात्र याचा अर्थ "कारखान्यात बोलतात तेच लिहा" असाही नाही, आणि शुद्धिवाद्यांना उत्तर देणारे बहुतेक जण नेमके इथे घसरतात. आपल्याकडचे मेकॅनिक गॅस्केटलाही बेधडक पॅकिंग म्हणतात. "झाकणाचं पॅकिंग गेलंय" या वाक्यातले पॅकिंग म्हणजे गॅस्केटच असते. म्हणजे गळतीरोधकामुळे होणारा घोटाळा बोलीतल्या एका इंग्रजी शब्दानेही होऊ शकतो. म्हणून मी पुस्तिकेत नुसते 'पॅकिंग' कधीच ठेवत नाही. चपटे असेल ते 'गॅस्केट', दोरीचे असेल ते 'ग्लँड पॅकिंग', आणि दोन्ही प्रथम येतात तिथे प्रत्येकी एका वाक्यात दिसायला कसे आणि बसते कुठे ते सांगतो. शब्द देशी की परका यापेक्षा, त्या शब्दाने हात योग्य भागावर जातो की नाही, हे मला आधी पाहावे लागते.

बुश म्हणजे साधा धारवा, हे पंपात एकाच ठिकाणी खरे ठरते : जिथे शाफ्ट बुशमध्ये टेकून फिरतो तिथे, उदाहरणार्थ बोअरवेलच्या सबमर्सिबल पंपात, जिथे पाणीच वंगणाचे काम करते. पण ग्लँड पॅकिंग ज्यात भरतात त्या स्टफिंग बॉक्सच्या तळाशी असणारा नेक बुश कोणताही भार घेत नाही. तो शाफ्टभोवती थोडी फट ठेवून बसतो आणि पॅकिंगची दोरी आत केसिंगमध्ये ढकलली जाणार नाही एवढेच पाहतो. पिन-बुश कपलिंगमधले रबरी बुश तर मोटारीचे बळ पंपाकडे पोहोचवतात आणि धक्का शोषतात. त्यांना 'रबरी धारवा' म्हटले, तर वाचणारा बेअरिंगच्या घरात रबर शोधत बसेल.

बुशाला प्रतिशब्द शोधताना त्याच्या शेजारी स्लीव्ह उभी असते हेही विसरता येत नाही. दोन्ही दिसायला नळीसारख्या, म्हणून काही अनुवादांत दोन्हींना 'नळी' किंवा 'अस्तर' केलेले सापडते. (एका ठिकाणी मी स्लीव्हची 'बाही' झालेलीही पाहिली आहे. शब्दकोशाने आपले काम चोख केले होते.) बुश भोकात बसतो आणि जागेवर राहतो, तर स्लीव्ह शाफ्टवर बसते आणि त्याच्याबरोबर फिरते. त्यामुळे बुशाची झीज आतल्या व्यासावर मोजायची आणि स्लीव्हची बाहेरच्या व्यासावर. "अस्तराचा व्यास तपासा" ही सूचना वाचून कोणता व्यास घ्यायचा हे कळत नाही, आणि चुकीचा घेतला तर झिजलेला भाग नव्यासारखाच भरतो. म्हणून बुश आणि स्लीव्ह ही दोन्ही नावे ठेवावीत, आणि मराठी करायची ती 'आतला व्यास', 'बाहेरचा व्यास', 'फट', 'झीज' या शब्दांची.

धारवा हा शब्द मला मनापासून आवडतो. मराठी विश्वकोशाने तो वापरलेला आहे, धारण करणारा हा अर्थ त्यात उघड दिसतो, आणि भार कसा पेलला जातो हे समजावणाऱ्या पाठ्यपुस्तकात तो शोभतो. देखभाल पुस्तिका वाचणारा माणूस मात्र त्या वेळी संकल्पना शिकत नसतो. त्याच्या हातात खराब झालेले बेअरिंग असते, त्याच्या कड्यावर 6306 असे काही कोरलेले असते आणि त्याला तेच तालुक्याच्या दुकानातून आणायचे असते. शेवटच्या दोन अंकांची पाचपट म्हणजे आतला व्यास ३० मिलिमीटर, आणि या आकड्याच्या बेअरिंगचा बाहेरचा व्यास ७२ व रुंदी १९ मिलिमीटर असते. दुकानदार, खोका, भागांची यादी आणि छेदचित्र या चारही ठिकाणी 'बेअरिंग' असताना पुस्तिकेने पाचवे नाव आणले, तर साखळी तिथेच तुटते. हा क्रमांकही मी देवनागरी अंकांत लिहीत नाही, कारण तो कोरलेल्या अंकांशी डोळ्यांनी ताडून पाहायचा असतो.

मराठीला खरी जागा आहे ती बेअरिंगच्या आत. आतले कडे, बाहेरचे कडे, छर्रे, पिंजरा हे शब्द ऐकताच वस्तू डोळ्यांपुढे येते. बेअरिंग बसवताना सर्वांत महत्त्वाची सूचना याच शब्दांत नीट सांगता येते : "बेअरिंग शाफ्टवर चढवताना दाब फक्त आतल्या कड्यावर द्यावा. बाहेरच्या कड्यावर ठोकल्यास तो मार छर्ऱ्यांमधून जातो, कड्यांच्या मार्गिकेत बारीक खळगे पडतात आणि नवे बेअरिंग पहिल्या दिवसापासून आवाज करू लागते." माझ्यासमोर आलेल्या दुसऱ्या एका मसुद्यात याच जागी "इनर रेसवर प्रेशर अप्लाय करून बेअरिंग माउंट करणे" असे होते. यालाच कोणी आळस म्हणत असेल, तर मी त्याच्या बाजूचा आहे. मात्र त्या वाक्यातले 'बेअरिंग' निर्दोष आहे. बिघाड 'अप्लाय करून माउंट करणे' यात आहे, आणि तो धारवा लिहून दुरुस्त होत नाही.

राहिले शब्द बदलून टाकणे. संगणकावर एका शब्दाच्या जागी दुसरा सरसकट घालणे मिनिटाचे काम आहे, आणि पंपघराच्या त्या अनुवादात ते केलेलेही होते. त्याच्या पहिल्याच पानावर पंपाच्या खोक्यातून काय काय निघाले पाहिजे त्याची यादी होती. मूळ पुस्तिकेत तिचे शीर्षक 'पॅकिंग लिस्ट' होते. मराठीत ते 'गळतीरोधक यादी' झाले होते, आणि तिच्या खाली पाया बोल्ट, कपलिंग आणि हमीपत्र यांची नोंद होती.