इंद्रधनुष्य दिसलं म्हणून फोटो नॉर्वेचा ठरत नाही

दावा: "फोटोत इंद्रधनुष्य असेल, आकाशात रंगीत पडदे असतील, रात्री नऊ-दहाला उजेड असेल किंवा मध्यरात्री सूर्य दिसत असेल, तर तो फोटो नॉर्वे-आइसलँडकडचाच. मराठवाड्यातला म्हणून कुणी पाठवला तर सरळ खोटा समजा, पुढे पाठवू नका."

खोटे फोटो अडवावेत हा हेतू मला मनापासून मान्य आहे. पण या मजकुरापायी आपल्याकडचे खरे फोटो खोटे ठरू लागले आहेत. पैठणच्या एका शाळकरी मुलीने सप्टेंबरच्या मध्यावर, संध्याकाळी साडेपाचला, पूर्वेला उमटलेलं अख्खं इंद्रधनुष्य टिपलं. गावाच्या ग्रुपवर तिला उत्तर मिळालं, "हे परदेशातलं आहे." म्हणून एकेक मुद्दा नीट तपासू. इंद्रधनुष्यावर जास्त थांबतो, कारण सगळ्यात मोठी चूक तिथेच आहे.

इंद्रधनुष्य

इंद्रधनुष्य कुठे उमटेल हे सूर्याच्या उंचीवर ठरतं. सूर्याकडे पाठ करून उभे राहा. डोळ्यांपासून आपल्याच डोक्याच्या सावलीकडे जाणारी रेघ मनात काढा. त्या रेघेभोवती ४२ अंशांवर कमान उमटते. सूर्य क्षितिजाच्या जितका वर, तितकं कमानीचं केंद्र समोरच्या क्षितिजाच्या खाली. त्यामुळे कमानीच्या माथ्याची उंची काढणं अगदी सोपं आहे: ४२ मधून सूर्याची उंची वजा करायची. सूर्य ४२ अंशांच्या वर गेला, की सपाट रानात उभ्या असलेल्या माणसाला पावसातलं इंद्रधनुष्य दिसत नाही.

आता तो पैठणचा फोटो घ्या. पैठणचा अक्षांश सुमारे साडेएकोणीस. सप्टेंबरच्या मध्यावर तिथे सूर्य दुपारी १२ वाजून २० ते २५ मिनिटांच्या दरम्यान माथ्यावर येतो आणि साडेपाचला जवळपास बरोबर पश्चिमेला, क्षितिजापासून साधारण १४ अंशांवर असतो. म्हणजे इंद्रधनुष्याचा माथा २८ अंशांवर आणि कमानीचा मध्य थेट पूर्वेला हवा. हात लांब करून मूठ धरली तर ती सुमारे १० अंश झाकते, म्हणजे माथा तीन मुठींच्या जरासा खाली. फोटोत मोजायचं तर आणखी एक खूण आहे. फोन सरळ समोर धरून काढलेल्या फोटोत, सूर्य मावळताना उमटलेली कमान उंचीच्या दुप्पट रुंद असते. सूर्य १४ अंशांवर असताना ती उंचीच्या सुमारे तिप्पट रुंद, म्हणजे बरीच बसकी दिसायला हवी. मुलीच्या फोटोत ती तशीच बसकी होती. दोन्ही टोकं एका फोटोत मावायला फोनची रुंद लेन्स लागते, कारण अशी कमान ८० अंशांपर्यंत पसरते. तिने तीच लेन्स वापरली होती. त्या फोटोत परदेशी असं काहीच नाही.

हेच गणित खोटा फोटोही पकडतं. त्याच दिवसांत पैठणला सकाळी सव्वानऊनंतर आणि दुपारी साडेतीनपर्यंत सूर्य ४२ अंशांच्या वर असतो, त्यामुळे त्या वेळेतलं आभाळातलं इंद्रधनुष्य तिथलं असू शकत नाही. ऐन दुपारी सूर्य माथ्यावर असताना तर मराठवाड्यात ते वर्षातून एकदाही दिसणार नाही. २१-२२ डिसेंबरला, म्हणजे सूर्य सगळ्यात खाली असतानासुद्धा, छत्रपती संभाजीनगरला दुपारी तो साडेशेचाळीस अंशांवर असतो आणि लातूरला ४८ वर. मे आणि जुलैमधल्या शून्य सावलीच्या दिवसांची तर गोष्टच नको. अपवाद असतो तो क्षितिजाच्या खाली बघण्याचा: धबधबा, शेतातला तुषार सिंचनाचा फवारा, किंवा कड्यावरून खाली दरीत पडणारा पाऊस.

मग भर दुपारच्या इंद्रधनुष्यावरून फोटो ध्रुवाजवळचा म्हणायचा का? तेही नाही. डिसेंबरात दिल्लीला दुपारी सूर्य ३८ अंशांवरच असतो, तिथे पाऊस पडला तर दुपारी इंद्रधनुष्य दिसू शकतं. उलट नॉर्वेतल्या ट्रॉम्सोला, जे जवळपास ७० अक्षांशावर आहे, २१ जूनला दुपारी सूर्य ४३ अंशांच्या वर जातो आणि तेवढा वेळ कमान क्षितिजाखाली असते. तारीख हातात नसेल तर या खुणेचा उपयोग नाही. मूळ मजकुरात खरं आहे ते इतकंच: उत्तरेकडे सूर्य दिवसाचा बराच काळ खाली असतो, म्हणून तिथे इंद्रधनुष्याला वेळ जास्त मिळतो. पण इंद्रधनुष्यांसाठी जगभर ओळखलं जाणारं हवाई बेट बघा. होनोलुलूचा अक्षांश २१.३ आहे, संभाजीनगरचा १९.९.

इथे आणखी एक गल्लत होते. दुपारी सूर्याभोवती रंगीत कडं दिसलं की आपल्याकडे बातमी होते, "इंद्रधनुष्य अवतरलं." ते खळं असतं. ते सूर्याभोवती २२ अंशांवर, उंच विरळ ढगांतल्या बर्फाच्या कणांमुळे पडतं आणि त्यात तांबडा रंग आतल्या बाजूला असतो. इंद्रधनुष्य सूर्याच्या विरुद्ध बाजूला असतं आणि त्याच्या मुख्य कमानीत तांबडा बाहेर असतो. खळ्यात बर्फ आहे म्हणून जागा बर्फाळ होत नाही. तो बर्फ कित्येक किलोमीटर वर असतो.

रात्री दहाचा उजेड

घड्याळ सरकारचं असतं, सूर्य त्याला बांधलेला नसतो. चीनमधलं काश्गर आणि आपलं संभाजीनगर जवळपास एकाच रेखांशावर आहेत. पण काश्गरला अधिकृत वेळ बीजिंगची, म्हणून जूनमध्ये तिथे सूर्य मावळतो तेव्हा घड्याळात रात्रीचे साधारण साडेदहा वाजलेले असतात. काश्गरचा अक्षांश ३९ च्या आसपास, ध्रुवप्रदेश तिथून फार लांब. तेव्हा "रात्री दहाला उजेड" एवढ्यावरून अक्षांश निघत नाही. विचारायचं ते हे, की सूर्य मावळल्यावर उजेड किती वेळ टिकला.

मराठवाड्यात जूनच्या शेवटी सूर्य संध्याकाळी सात-सव्वासातला मावळतो. त्यानंतर सुमारे २४ मिनिटं बाहेर दिव्याविना काम करता येतं आणि साधारण एक तास तेवीस मिनिटांनी आकाश पूर्ण काळं होतं, म्हणजे साडेआठच्या सुमारास. सूर्य आपल्याकडे जवळजवळ उभा खाली उतरतो म्हणून काळोख लवकर पडतो. उत्तरेकडे तो तिरका घसरत जातो. साडेअठ्ठेचाळीस अक्षांशाच्या वर जूनमध्ये रात्रभर पूर्ण काळोख होत नाही, आणि साडेसाठच्या वर रात्रभर कामाचा उजेड राहतो. रशियातलं सेंट पीटर्सबर्ग या रेषेच्या किंचित खाली आहे आणि तिथल्या पांढऱ्या रात्री प्रसिद्ध आहेत.

म्हणून एका फोटोऐवजी अर्ध्या-अर्ध्या तासाने काढलेले दोन-तीन फोटो किंवा व्हिडिओ मागा. मार्च-सप्टेंबरच्या आसपास सूर्याचा मार्ग क्षितिजाशी जो कोन करतो तो ९० वजा अक्षांश एवढा असतो: आपल्याकडे सत्तरच्या घरात, ट्रॉम्सोला वीस. एकट्या फोटोत आणखी एक फसवणूक होते. फोनचा रात्रीचा मोड पौर्णिमेच्या चांदण्यालाही दिवसाइतकं उजळ करतो. निळसर आकाशात बारीक तारेही दिसत असतील, तर तो संधिप्रकाश नसून चांदणं असण्याची शक्यता मोठी.

मध्यरात्रीचा सूर्य

चारांतली ही एकच खूण अक्षांशाबद्दल ठाम बोलते. साडेसहासष्ट अंशांच्या फार खाली मध्यरात्री सूर्य दिसूच शकत नाही. वातावरणात किरण वाकतात म्हणून ही सीमा जेमतेम एका अंशाने खाली सरकते. पण फोटोत दिसतो तो फक्त क्षितिजावरचा सूर्य. "मध्यरात्र" हे वरच्या ओळीत लिहिलेलं असतं. तसा सूर्य उदगीरला संध्याकाळी सातलाही दिसतो. खात्री करायची तर दिशा बघा: उत्तर गोलार्धात मध्यरात्रीचा सूर्य उत्तरेला असतो, सावल्या दक्षिणेकडे पडतात, आणि ओळीने टिपलेले सूर्य डावीकडून उजवीकडे जात खाली येऊन पुन्हा वर चढतात. ते उजवीकडून डावीकडे जात असतील तर फोटो नॉर्वेचा नसून अंटार्क्टिकाचा आहे. तिथे आपली मैत्री आणि भारती ही संशोधन केंद्रं आहेत, त्यामुळे तसा फोटो इकडच्या एखाद्या माणसानेही खरेपणाने पाठवलेला असू शकतो.

अरोरा

आकाशातले रंगीत पडदे म्हणजे अरोरा. तो पृथ्वीच्या चुंबकीय ध्रुवांभोवती कड्यासारखा उमटतो. उत्तरेकडचा चुंबकीय अक्ष उत्तर अमेरिकेच्या बाजूला कललेला आहे, त्यामुळे त्याच अक्षांशावर अमेरिकेत अरोरा आपल्यापेक्षा सहज दिसतो. शिवाय १० मे २०२४ च्या रात्री मोठं भूचुंबकीय वादळ आलं तेव्हा लडाखमधल्या हानले इथल्या कॅमेऱ्यांनी अरोरा टिपला. हानले ३३ अक्षांशाच्या आत आहे. आणि ४ फेब्रुवारी १८७२ च्या वादळात तर मुंबईहून अरोरा दिसल्याची नोंद आहे. तेव्हा "आपल्याकडे कधीच नाही" हे विधान टिकत नाही. मराठवाड्यात तो दिसणं अत्यंत दुर्मीळ, एवढंच म्हणता येईल.

इथे रंग मदत करतो. हिरवा प्रकाश साधारण १०० ते १५० किलोमीटर उंचीवर तयार होतो, तांबडा त्याच्या बराच वर, २०० किलोमीटरपासून पुढे. पृथ्वी गोल असल्यामुळे ११० किलोमीटरवरचा प्रकाश सुमारे अकराशे-बाराशे किलोमीटरपर्यंतच क्षितिजावर दिसतो; ४०० किलोमीटरवरचा बावीसशेपर्यंत. म्हणून दूर दक्षिणेतून अरोराचा फक्त वरचा तांबडा भाग, तोही उत्तरेच्या क्षितिजालगत मंद लालीसारखा दिसतो. हानलेचा तसाच होता. नांदेडच्या डोक्यावर हिरवे पडदे लहरताहेत असा फोटो आला तर तो नांदेडचा नाही. आणि नुसती लाली असेल तर आधी दिशा विचारा. उसाचं पाचट पेटवल्यावर किंवा शहराच्या दिव्यांमुळेही ढग तांबडे होतात. खरी लाली उत्तरेलाच असेल, तिच्यातून तारे दिसतील आणि त्या रात्री मोठं भूचुंबकीय वादळ नोंदलेलं असेल.

ताऱ्यांमुळे आणखी पक्की तपासणी होते. क्षितिजापासून ध्रुवताऱ्याची उंची म्हणजेच त्या जागेचा अक्षांश. परभणीला ती १९ अंश, दोन मुठींना जराशी कमी, हानलेला जवळपास ३३, ट्रॉम्सोला ७०. फोटोत सप्तर्षी असतील तर क्रतू आणि पुलह या दोन ताऱ्यांमधलं अंतर साडेपाच अंशांच्या जरा आत असतं आणि पुलहाकडून क्रतूकडे जाणारी रेघ पुढे वाढवली की ध्रुवतारा सापडतो. परभणीचा म्हणून आलेल्या फोटोत ध्रुवतारा क्षितिजापासून त्या अंतराच्या साडेतीन पट उंचीवर हवा. तो बारा-तेरा पट उंचीवर असेल, तर फोटो ट्रॉम्सोच्या आसपासचा आहे.