‘औदुंबर’: कोणता अर्थ टिकतो?

“कविता ज्याला जशी भावेल तशी. मग ‘औदुंबर’चा अमुक अर्थ चुकला, हे ठरवणारे तुम्ही कोण?”

मी कोणी नाही, ओळी ठरवतात. बालकवींच्या या कवितेच्या शेवटच्या दोन ओळी बघा: ‘झाकळूनी जळ गोड काळिमा पसरी लाटांवर / पाय टाकुनी जळांत बसला असला औदुंबर.’ काळिमा पसरवतो कोण? औदुंबर, असं धरलं तर ती त्याची सावली. झऱ्यापासून गाव, शेतं, पायवाट असं फिरत आलेलं निसर्गचित्र इथे थांबतं. हे वाचन पक्कं आहे.

पण डोह आधीच्याच ओळीत ‘काळा’ झालाय आणि हिरव्यातून निघालेली पांढरी वाट तिकडेच ‘चालली’ आहे. म्हणून माणसांच्या गजबजीकडून विरक्तीकडे, कदाचित मृत्यूकडे, हेही वाचन टिकतं. मला तेच जवळचं.

दत्ताचं झाड म्हणून ही भक्तीची कविता? ओढूनताणून म्हणता येईल, पण झाडाच्या नावापलीकडे आधार नाही. आणि ‘भीषण, आत्मघाताची कविता’ तर मुळीच नाही. ‘गोड’ या एका शब्दाचं काय करणार? शिवाय पाय पाण्यात सोडून निवांत बसलेल्याला बुडायची घाई नसते!