मेहर माफ केला म्हणे! एका प्रतिक्रियेला उत्तर

«ताई, लेख वाचला. घरबसल्या लोकांना शरियत शिकवायचं बंद करा. मय्यत उठायच्या आधी बाईनं चार माणसांसमोर मेहर माफ केला की विषय संपला, आमच्याकडे पिढ्यानपिढ्या असंच चालत आलंय. आठवा हिस्सा तिला मिळतोच, वर मेहर म्हणजे डबल. आणि बाकीच्या देणेकऱ्यांना डावलून बायकोलाच आधी का? असल्या लेखांनी घरं फुटतात.»

भाई, सलाम. तुमची कमेंट उडवणार नाही, राहू दे तिथंच, सगळ्यांनी वाचावी. ज्यांनी लेख वाचला नाही त्यांच्यासाठी: निकाहात नवऱ्यानं बायकोला द्यायची कबूल केलेली रक्कम म्हणजे मेहर, आणि तो न देताच नवरा गेला तर ते त्याचं कर्ज असतं, वारसा वाटायच्या आधी फेडायचं, एवढंच मी लिहिलं होतं.

आधी ते "घरबसल्या". मी तालुक्याच्या कोर्टात वकिली करते. त्याच्याही आधी एका वकीलसाहेबांच्या ऑफिसात टायपिंग करायचे, तेव्हापासून असल्या दाव्यांचे कागद हातातून गेलेत. नसते गेले तरी काय फरक पडला असता? बाईनं पैशाबद्दल लिहिलं की पहिलं वाक्य "घरबसल्या" येतं, पुरुषानं हेच लिहिलं असतं तर तुम्ही "माशाअल्लाह, छान माहिती" म्हणून गेला असता. असो. मतभेद असू द्या, पण बोलायची काही रीत असते, ती तुम्ही पाळली नाही.

आता तुमचं एक म्हणणं मला मान्य आहे, तेही सांगून टाकते म्हणजे मी एकतर्फी लिहिते असं वाटायला नको. मेहरला बाकीच्या कर्जांच्या पुढचा नंबर मिळत नाही. ते साधं, बिनतारणाचं कर्ज आहे, हातउसने दिलेल्या मित्राच्या रांगेत उभं राहणारं. 1950 साली सुप्रीम कोर्टानं हैदराबादच्या एका प्रकरणात हेच सांगितलं, मेहरपोटी विधवा घरात बसून असली तरी इतर देणेकऱ्यांना ती अडवू शकत नाही. बँकेकडे घर गहाण असेल तर बँक तिच्याही पुढे. आणि मिळकत कमी पडली, समजा 3 लाखच हातात आले आणि मेहर अडीच लाख, बाकीची देणी साडेतीन लाख, तर प्रत्येकाला रुपयाला आठ आणे, म्हणजे तिला सव्वा लाख. "डावलून आधी" असं माझ्या लेखात कुठंही नव्हतं, पण शंका रास्त आहे.

आता तुमचं मधलं वाक्य, ज्यासाठी हे सगळं लिहायला बसले. "माफ केला की विषय संपला."

माझी सख्खी फुफी. आतल्या खोलीत बायका बसलेल्या, बाहेर फुफाजींचं गुस्ल झालेलं, कफन बांधून तयार. फुफीला कुणीतरी पाणी पाजायचा प्रयत्न करतंय, ते हनुवटीवरून ओढणीवर ओघळतंय, तिला कळतसुद्धा नाही. तेवढ्यात तिचे थोरले जेठ दाराशी आले, पडद्याच्या अलीकडे उभं राहून म्हणाले, "भाभी, मेहर माफ किया बोलो, जनाजा उठाना है." फुफी काही बोलेना. मग बायकाच म्हणायला लागल्या, बोल बाई, बोल, नाहीतर त्यांच्यावर कर्ज राहील, कबरीत त्रास होईल. तिनं मान हलवली का ती नुसती रडताना हलली, ते मला आजही सांगता येणार नाही आणि मी तिच्या मांडीला लागून बसले होते. बाहेर जाहीर झालं, माफ केला.

हे तुम्ही "पिढ्यानपिढ्या" म्हणता ते. बरोबरच आहे, पिढ्यानपिढ्या बायकांचं असंच गेलंय.

आता कायदा काय म्हणतो बघा. मेहर माफ करता येतो, नक्की येतो, नवरा जिवंत असताना त्याला आणि तो गेल्यावर वारसांनाही. त्याला कागदसुद्धा लागत नाही. पण मर्जी तिची स्वतःची हवी, दबावाशिवाय, शुद्धीत. 1920 साली कलकत्ता हायकोर्टापुढे नेमकं हेच आलं, नवऱ्याच्या मृत्यूच्या धक्क्यात असलेल्या बाईनं मेहर सोडला असं सांगण्यात आलं आणि कोर्टानं सांगितलं की अशा मानसिक अवस्थेतली माफी तिला बांधत नाही. शंभर वर्षं झाली या निकालाला. आणि शरियतचं म्हणाल, ते तुम्हीच काढलंत म्हणून बोलते, तर सूरे निसाची चौथी आयत उघडा. बायकांना त्यांचा मेहर खुशीनं द्या, आणि त्यांनी आपल्या मनानं त्यातलं काही सोडलं तरच ते तुम्ही खा, असा तिथला मतलब आहे. आपल्या मनानं. कफन बांधलेल्या नवऱ्यासमोर कुणाचं मन कुठं असतं?

आणि कबरीतल्या कर्जाचा एवढा घोर असेल तर कर्ज फेडायचं की! मिळकत मागं आहे ना. किराणा दुकानदाराला कुणी मय्यतीच्या दिवशी "माफ किया बोलो" म्हणायला गेलेलं मी तरी पाहिलं नाही, त्याची वही निमूट चुकती होते.

अजून एक, जे तुम्ही बोललाच नाहीत. माफी मागायला कोण आलं होतं? फुफीला एकच मुलगी, मुलगा नाही, सासूसासरे आधीच गेलेले. सुन्नी वाटणीत अशा वेळी बायकोला आठवा, एकुलत्या मुलीला निम्मा, आणि उरलेले आठातले तीन हिस्से मयताच्या भावांना. म्हणजे दारात उभा राहून कर्ज माफ करून घेणारा माणूसच ते कर्ज बुडालं की फायद्यात जाणार होता. मुलगा असता तर भावांना काहीच मिळालं नसतं, आणि माझी खात्री आहे की मग जेठ त्या दाराशी आलेही नसते. वाईट वाटू द्या, पण हे मी डोळ्यांनी बघितलंय.

"डबल" चं उत्तर आकड्यांत देते, कारण हे ऐकून ऐकून कान किटलेत. असंच घर घेऊ, बायको, एक मुलगी, भाऊ. दुकान आणि खोली मिळून 18 लाख. कफनदफनाचे 30 हजार, ते पहिल्यांदा. मग कर्ज: हातउसने 1 लाख 20 हजार आणि निकाहनाम्यातला उधार मेहर अडीच लाख. वसियत असेल तर उरलेल्याच्या तिसऱ्या हिश्श्यापर्यंत, इथं नाही असं धरू. हाती राहिले 14 लाख, आणि वारसा इथून सुरू होतो, याच्या आधी नाही. बायकोला पावणेदोन लाख, मुलीला 7 लाख, भावांना मिळून सव्वापाच लाख. मेहर धरलाच नसता तर बायकोचा आठवा 2,06,250 झाला असता. म्हणजे मेहर वसूल करताना तिच्या स्वतःच्या हिश्श्यातून 31,250 कमी झाले, ती वारस म्हणून आपल्याच कर्जाचा आठवा भाग सोसते. मुलगी सव्वा लाख सोसते, भाऊ 93,750. कुणाच्या खिशातून एक पैसा जात नाही, जे वारशात आलं त्यातूनच आणि आलं तेवढ्यापुरतंच. एक देणं, एक वारसा, दोन वेगळ्या गोष्टी. नवऱ्यानं बायकोकडून घेतलेलं साधं कर्ज असतं तर त्याला तुम्ही डबल म्हणाला असता का? नसता म्हणालात.

फुफीचं पुढं काय झालं तेही ऐका, कारण तुमच्यासारख्यांना वाटतं रडून गप्प बसली असेल. ती त्याच खोलीत राहिली आणि खालचं दुकान भाड्यानं दिलं, तेव्हा दीर-जेठ कुणीच हरकत घेतली नाही. मागणीचा दावा मात्र तिनं केला नाही, कुणी सांगितलंच नाही की मृत्यूपासून 3 वर्षांत करावा लागतो. 3 वर्षं उलटली आणि मग भावांनी जागा विकायचं काढलं. वकीलसाहेबांनी तेव्हा जे सांगितलं ते मी त्यांच्या तोंडून पहिल्यांदा ऐकलं, की दाव्याची मुदत गेली तरी ताबा जात नाही. विधवेनं जोरजबरदस्ती किंवा फसवणूक न करता, राजरोसपणे मिळकतीचा ताबा घेतलेला असेल तर मेहर मिळेपर्यंत ती तो धरून बसू शकते, हे इंग्रजांच्या काळातल्या सगळ्यात वरच्या कोर्टानं, प्रिव्ही कौन्सिलनं, 1916 सालीच सांगून ठेवलंय. मालक ती होत नाही, विकू शकत नाही, बक्षीसही देऊ शकत नाही, आणि भाड्याचा हिशोब वारसांना द्यावा लागतो. फुफीनं भाड्याच्या पावत्या बिस्किटाच्या डब्यात जपून ठेवल्या होत्या, निकाहनाम्याची प्रतही त्यातच, घड्यांवर फाटलेली पण मेहरचा आकडा आणि काझींची सही स्वच्छ दिसत होती. "माफ केला" हे सिद्ध करायची पाळी भावांवर आली आणि त्या खोलीतली एकही बाई तसं शपथेवर सांगायला तयार झाली नाही. शेवटी भाडं वजा घालून उरलेला मेहर चुकता झाला, मग तिनं किल्ली दिली.

तेव्हा "असल्या लेखांनी घरं फुटतात" यावर मी काही लिहिणार नाही. ज्याला द्यायचं नाही तो असंच म्हणतो.

तुम्ही सोडून बाकी ज्या बायका हे वाचतायत त्यांच्यासाठी दोनच गोष्टी. ताबा नसेल तर जागा विकली जायच्या आत हालचाल करा, कारण मेहरचा बोजा जागेवर बसत नाही आणि प्रामाणिकपणे पैसे मोजून घेणाऱ्याच्या हातात जागा गेली की ती परत ओढता येत नाही, मग फक्त वारसांच्या मागं लागायचं. आणि निकाहनाम्याची प्रत सापडत नसेल तर काझींच्या रजिस्टरमधून नक्कल काढा, आकडाच ठरला नसेल तरी हक्क बुडत नाही, माहेरच्या बायकांना, बहिणी-फुफींना काय मेहर बांधला होता त्यावरून तो ठरवला जातो.

आणि भाई, तुमच्या घरात असं काही सध्या चालू असेल, तुमच्या कमेंटचा सूर बघून मला तसा संशय येतो, तर तुमच्या भाभीला हा लेख दाखवा. मृत्यूच्या दाखल्यावरची तारीख बघून 3 वर्षं कधी भरतात ते तिला तुम्हीच सांगा.