पाव वर्तुळाचा सेंट्रॉइड: 2R/3 कुठे बरोबर आणि कुठे घसरतं

"पाव वर्तुळाच्या पत्र्याचा सेंट्रॉइड काढायला लांबलचक इंटिग्रेशन करत बसू नका. पोलरमध्ये r ची सरासरी 2R/3 येते, θ ची सरासरी 45° येते, झालं काम: x̄ = ȳ = 0.471R. पुरावा हवा तर पत्र्याच्या बारीक फोडी करा, प्रत्येक फोड त्रिकोण, आणि त्रिकोणाचा सेंट्रॉइड टोकापासून दोन तृतीयांशावरच असतो. पुस्तकातलं 4R/(3π) अर्धवर्तुळाचं आहे, ते पाव वर्तुळाला कसं लागेल? आम्ही पुठ्ठा कापून कोपऱ्यातून टांगूनही पाहिला, दोरा बरोबर 45° च्या रेषेवर आला."

परीक्षा जवळ आली की हा मेसेज नागपुरातल्या फर्स्ट इयरच्या मुलांच्या फोनवर फिरायला लागतो. गेल्या आठवड्यात धरमपेठेतल्या माझ्या शिकवणीत तीन वह्यांमध्ये मला हेच उत्तर दिसलं, आणि तिघंही हुशार विद्यार्थी. त्यांना दोष देता येत नाही, कारण मेसेजमधल्या बहुतेक पायऱ्या सुट्या पाहिल्या तर खऱ्या आहेत. चूक दोन पायऱ्यांच्या मधल्या उडीत आहे, म्हणून एकेक मुद्दा घेतो.

आधी r ची सरासरी. हा हिशोब अगदी बरोबर आहे. पोलरमध्ये क्षेत्रफळाचा बारीक तुकडा r dr dθ असतो. त्याला r ने गुणून, r ला 0 पासून R पर्यंत आणि θ ला 0 पासून π/2 पर्यंत इंटिग्रेट केलं की (R³/3)(π/2) येतं, आणि पत्र्याच्या क्षेत्रफळाने, म्हणजे πR²/4 ने भागलं की 2R/3. पण हे उत्तर वेगळ्या प्रश्नाचं आहे: पत्र्यावरचे बिंदू कोपऱ्यापासून सरासरी किती लांब आहेत? सेंट्रॉइडचा प्रश्न असा की त्या सगळ्या बिंदूंची सरासरी जागा कोणती.

फरक झिरो माइलला उभं राहून पाहा. दोन मित्र तिथून निघाले, एक भंडाऱ्याच्या दिशेने सरळ पूर्वेला ६ किमी गेला, दुसरा सरळ दक्षिणेला ६ किमी. रस्त्यांची वळणं तूर्त विसरू. दोघांचं झिरो माइलपासूनचं सरासरी अंतर ६ किमीच. पण दोघांच्या बरोब्बर मधला बिंदू घेतला तर तो ३ किमी पूर्वेला आणि ३ किमी दक्षिणेला, म्हणजे झिरो माइलपासून ४.२४ किमीवर आहे. दिशा फाकल्या की मधला बिंदू आत सरकतो. अंतरांची सरासरी काढताना दिशा हिशोबातून गळते, आणि नंतर 45° चिकटवून ती परत येत नाही.

हीच रीत पूर्ण वर्तुळाला लावा. r ची सरासरी तिथेही 2R/3 च येते. θ ची सरासरी 0 ते 360° मध्ये 180°. म्हणजे गोल ताटलीचा सेंट्रॉइड मध्यापासून डावीकडे 2R/3 वर! कोन −180° ते 180° असा मोजला तर सरासरी 0° येते आणि तोच सेंट्रॉइड उजवीकडे उडी मारतो. ताटली तीच, कोन मोजायची सुरुवात तेवढी बदलली. पाव वर्तुळात 45° खरा निघतो तो पत्रा त्या रेषेभोवती सममित आहे म्हणून. कोनांची सरासरी काढण्याशी त्याचा संबंध नाही.

आता फोडींचा मुद्दा. मला तो मनापासून आवडतो, कारण योग्य उत्तराचा अर्धा रस्ता त्यात चाललेला आहे. dθ कोनाची एक बारीक फोड खरंच त्रिकोणासारखी असते आणि तिचा सेंट्रॉइड टोकापासून 2R/3 वर असतो. नववीत मध्यगांचं 2:1 हे गुणोत्तर आपण शिकलो, तेच हे. पण फोडी अनेक आहेत. प्रत्येकीचा सेंट्रॉइड मांडत गेलं तर ते सगळे मिळून 2R/3 त्रिज्येचा एक पाव वर्तुळाचा कंस तयार होतो, जणू पत्र्याचं सगळं वजन त्या वाकलेल्या तारेत जाऊन बसलं. आणि वाकलेल्या तारेचा सेंट्रॉइड तारेवर नसतो, तिच्या पोकळीत असतो. बांगडीचा मध्य बांगडीवर सापडत नाही, तसंच. मेसेज लिहिणारा तारेपर्यंत आला आणि तिथेच थांबला.

राहिलेला अर्धा रस्ता एका ओळीचा आहे. एका फोडीचं क्षेत्रफळ (R²/2) dθ, तिच्या सेंट्रॉइडचा x म्हणजे (2R/3) cos θ. दोन्ही गुणून बेरीज केली की y-अक्षाभोवतीचा मोमेंट मिळतो:

∫ (2R/3) cos θ · (R²/2) dθ = (R³/3) ∫ cos θ dθ = R³/3

cos θ चं इंटिग्रेशन 0 ते π/2 मध्ये 1 येतं, म्हणून शेवटी फक्त R³/3 उरतं. आता क्षेत्रफळाने भागा:

x̄ = (R³/3) ÷ (πR²/4) = 4R/(3π) = 0.424R

ȳ ला cos च्या जागी sin येतो आणि उत्तर तेच. लांबलचक म्हणावं असं यात काहीच नाही. दुहेरी इंटिग्रेशन लिहिलं तरी आत r cos θ · r dr dθ एवढंच असतं, आणि r² चं R³/3 झालं की हीच ओळ समोर येते.

मुलं इथे आणखी एका ठिकाणी अडकतात, तेही सांगून टाकतो: dA लिहिताना r विसरतात आणि नुसतं dr dθ घेतात. मग उत्तर R/π, म्हणजे 0.318R येतं. ही चूक पकडायला उत्तरसूची लागत नाही. त्याच dA ने आधी क्षेत्रफळ काढा. πR/2 आलं तर ती लांबी आहे, क्षेत्रफळ नाही, म्हणजे r राहिला.

45° च्या रेषेवर मोजलं तर खरा सेंट्रॉइड कोपऱ्यापासून 0.600R वर आहे, 0.667R वर नाही. दोघांमध्ये 0.900 चा गुणक आहे. फोडींचा एकूण कोन 2α धरला, तर कोणत्याही सेक्टरचा सेंट्रॉइड टोकापासून (2R/3)(sin α/α) वर येतो, α रेडियनमध्ये. पाव वर्तुळात α = π/4, म्हणून sin α/α = 0.900. दहा अंशांच्या अरुंद सेक्टरमध्ये हा गुणक 0.999 होतो, तिथे नुसतं 2R/3 घेतलं तरी बिघडत नाही. कोन वाढत जातो तसा गुणक उतरतो, आणि पूर्ण वर्तुळाला sin 180° = 0 असल्याने सेंट्रॉइड आपोआप मध्यावर जाऊन बसतो. वरच्या ताटलीचा घोळ या एका गुणकाने मिटतो.

अर्धवर्तुळाच्या शंकेचं उत्तर कात्रीत आहे. अर्धवर्तुळ त्याच्या सममितीच्या रेषेवर कापा, दोन सारखे पाव तुकडे मिळतील, एकमेकांचे आरसे. दोन्हींचे सेंट्रॉइड व्यासापासून सारख्याच उंचीवर. जोडलेल्या आकृतीचा सेंट्रॉइड त्या दोघांच्या मधोमध, म्हणजे त्याच उंचीवर. म्हणून व्यासापासूनचं 4R/(3π) दोन्हींना लागतं. वेगळेपण आडव्या दिशेत आहे: अर्धवर्तुळात डावा-उजवा तुकडा एकमेकांना काटतात आणि x̄ शून्य होतो, पाव वर्तुळात काटायला दुसरा तुकडाच नाही, म्हणून x̄ सुद्धा 4R/(3π). वरचं सूत्र वापरून पाहा, α = π/2 ला गुणक 0.637 येतो आणि अंतर पुन्हा 0.424R.

यावरही विश्वास बसत नसेल तर दहावीतलं अर्धगोलाचं घनफळ आठवा. पाव वर्तुळ त्याच्या एका सरळ कडेभोवती पूर्ण फिरवलं की अर्धगोल तयार होतो. पॅपसच्या नियमाने घनफळ म्हणजे क्षेत्रफळ गुणिले सेंट्रॉइडने कापलेलं अंतर:

(πR²/4) × 2π × 4R/(3π) = 2πR³/3

हे तेच पाठ केलेलं सूत्र. 4R/(3π) च्या जागी 0.471R घातलं तर घनफळ ११ टक्क्यांनी जास्त येतं.

उरला पुठ्ठा. प्रयोग खरा केला असणार आणि दोरा 45° वर आलाही असणार, पण काटकोनाच्या कोपऱ्यातून टांगलं तर दुसरं काही होऊच शकत नाही. त्या टांगणीतून सेंट्रॉइडची रेषा कळते, रेषेवर तो किती अंतरावर आहे हे कळत नाही. 0.424R असो, 0.471R असो की 0.318R, दोरा तिथूनच जाणार. अंतर हवं तर दुसरी टांगणी हवी, आणि ती कंसाच्या टोकाजवळून.

आम्ही शिकवणीत कूलरच्या खोक्याचा सपाट पुठ्ठा घेतला, R = ३० सेंमी. जिथे एक सरळ कड कंसाला मिळते त्या टोकाला, काठाच्या शक्य तितकं जवळ, सुईने भोक पाडलं. भोकात पुठ्ठा मोकळा फिरला पाहिजे, घट्ट असला तर तो आधीच अडकतो आणि रेषा खोटी येते. त्याच सुईला ओळंबा बांधला. आता नजर ठेवायची ती दुसऱ्या सरळ कडेवर: ओळंब्याचा दोरा तिला काटकोनापासून किती अंतरावर छेदतो? सेंट्रॉइड १२.७३ सेंमीवर असेल तर छेद ३० × १२.७३ ÷ (३० − १२.७३), म्हणजे २२.१ सेंमीवर यायला हवा. मेसेजप्रमाणे तो १४.१४ सेंमीवर असेल तर २६.८ सेंमीवर. सेंट्रॉइडच्या जागेतला दीड सेंटीमीटरचा फरक इथे साडेचार सेंटीमीटरपेक्षा मोठा होऊन दिसतो, त्यामुळे भोक दोनतीन मिलिमीटर आत गेलं तरी निकालाबद्दल शंका राहत नाही. फक्त पुठ्ठा सगळीकडे सारख्या जाडीचा हवा. एका बाजूला चिकटपट्टी किंवा दुमड असेल तर आपण वजनाचा मध्य मोजतो, आकाराचा नाही.

पहिल्या टांगणीत दोरा २२ सेंमीच्या जरा पुढे थांबला. पुठ्ठा काढून कंसाच्या दुसऱ्या टोकातून टांगला, तेव्हा पुन्हा २२ च्याच आसपास. ज्या मुलीच्या वहीत 0.471R होतं, तिने दोन्ही रेषा पेन्सिलीने ओढल्या, त्यांच्या छेदावर ठिपका दिला, आणि त्या ठिपक्याखाली पेनाचं टोक धरून पुठ्ठा आडवा तोलून दाखवला.