बाहुल्या लहान-मोठ्या, पण बिघडलेली कोणती?

“डोळ्याच्या बाहुल्या लहान-मोठ्या दिसल्या की मोठ्या बाहुलीच्या बाजूला मेंदूत रक्तस्राव झालाय असं समजा. दोन्ही सारख्या असतील तर डोळ्यांच्या नसा शाबूत. डोळा अचानक तिरळा झाला तर चष्म्याचा नंबर तपासून घ्या.”

मोठी बाहुलीच आजारी, हे कुणी ठरवलं? आधी भरपूर उजेडात बघा, मग अंधुक उजेडात. उजेडात फरक वाढला तर मोठी बाहुली आकसत नाही. दोष तिसऱ्या क्रॅनियल नसेच्या, म्हणजे मेंदूतून थेट निघणाऱ्या बारा जोड्यांपैकी तिसऱ्या नसेच्या वाटेवर, किंवा बाहुली मोठी करणारं औषध डोळ्यात गेलेलं. अंधारात वाढला तर लहान बाहुली पसरत नाही. ही वाट बाहुली पसरवणाऱ्या सिंपथेटिक नसांची, आणि सोबत त्याच बाजूची पापणी किंचित उतरली असेल तर तो हॉर्नर सिंड्रोम. तो मानदुखीसह नव्याने आला, तर मानेतल्या कॅरोटिड धमनीचं अस्तर फाटलेलं असू शकतं. म्हणजे इथे धोक्याची बाहुली लहान! दोन्ही उजेडांत फरक तेवढाच आणि 1 मिमीच्या आत असेल, तर तसा तो कित्येक निरोगी माणसांत असतो. जुने फोटो मोठे करून बघा. रक्तस्रावाच्या दाबाने बाहुली मोठी झालेला माणूस सहसा गुंगीत असतो.

सारख्या बाहुल्यांचं म्हणणं तर साफ चूक. प्रकाशाचा निरोप दुसऱ्या क्रॅनियल नसेतून, म्हणजे दृष्टीच्या नसेतून, मध्यमेंदूत जातो आणि तिथून आकसण्याचा हुकूम दोन्ही डोळ्यांना एकदम सुटतो. म्हणून एका डोळ्याची दृष्टीची नस पार निकामी झाली तरी बाहुल्या सारख्याच राहतात. टॉर्च चांगल्या डोळ्यावर दोन-तीन सेकंद धरून झटकन दुसऱ्यावर न्या. ती बाहुली आकसायच्या ऐवजी पसरू लागली, की दोष पकडला.

आता तिरळेपणा. समजा, पन्नाशीच्या बाईंचं डोकं उजव्या डोळ्यामागे ठणकतंय, उजवी पापणी मिटली आहे, ती उचलली की एकाचे दोन दिसतात. उजवा डोळा खाली आणि बाहेर कललेला. आत किंवा वर वळत नाही, बाहेर मात्र जातो, कारण ते काम सहाव्या नसेचं. उजेडात उजवी बाहुली 6 मिमी, डावी 3. ही तिसरी नस. बाहुली आकसणारे तंतू या नसेच्या पृष्ठभागाजवळून जातात, त्यामुळे शेजारच्या धमनीला फुगा आला तर बहुधा तेही दाबले जातात. मधुमेहात नसेचा रक्तपुरवठा आतल्या भागात बिघडतो आणि बाहुली बहुतेकदा वाचते. पण ‘बहुतेकदा’च: अर्धवट लुळी पडलेली नस आणि ठाकठीक बाहुली यावर विसंबून फुगा नाही असं म्हणता येत नाही. या बाईंना चष्म्याच्या दुकानात नव्हे, त्याच दिवशी सीटी अँजिओग्राफीला न्यायला हवं.