‘चौदा वर्षं पुरेल’ हा हिशोब कुठे फसतो

“आपल्या साताऱ्याच्या नव्या कचरा खड्ड्याला जागा 2 हेक्टर, उंची 10 मीटर. म्हणजे 2 लाख घनमीटर. एक टन म्हणजे एक घनमीटर धरा. रोज 40 टन, म्हणजे 5000 दिवस, जवळजवळ 14 वर्षं! मशीनने नीट दाबला तर दुप्पट चालेल. माती तर तिथलीच खणलेली, ती फुकट. मग पुन्हा नवीन जागा कशाला शोधताय? पुढे पाठवा.”

हा मेसेज आमच्या सोसायटीच्या ग्रुपवर एका आठवड्यात तीनदा आला. तिसऱ्यांदा शेजारच्या काकांनी पाठवला आणि खाली लिहिलं, “तू भरावाच्या साइटवर काम केलंयस ना, मग सांग यात काय चुकलंय.” भागाकार बरोबर आहे. चुकलंय ते भागाकाराच्या आधीचं. 2 हेक्टर, 10 मीटर आणि 40 टन हे तिन्ही आकडे खरेच आहेत असं धरून चालू, म्हणजे भांडण फक्त पद्धतीचं राहील.

कचऱ्याचा ढीग पेटीसारखा सरळ उभा राहत नाही. उभा केलाच तर पहिल्या मोठ्या पावसात कड ढासळते. म्हणून बाजू उतरत्या ठेवतात, साधारण एक मीटर उंचीला तीन मीटर आत. आता 200 मीटर बाय 100 मीटरचा तळ घ्या. दहा मीटर वर जाईपर्यंत प्रत्येक बाजू 30 मीटर आत सरकते आणि माथ्यावर उरतं 140 बाय 40. मधल्या उंचीवर 170 बाय 70. तळ, माथा आणि चौपट मध्य यांची बेरीज करून तिला उंचीच्या सहाव्या हिश्शाने गुणायचं, की घनफळ येतं 1,22,000 घनमीटर. दोन लाखांतले 78 हजार तिथेच गेले आणि अजून एक घंटागाडीही रिकामी झालेली नाही.

त्यातही सगळं कचऱ्याला मिळत नाही. घनकचरा व्यवस्थापन नियम 2016 मध्ये भराव बंद करताना वर 60 सेंटिमीटर चिकणमातीचा थर, त्यावर 15 सेंटिमीटर निचऱ्याचा आणि त्यावर 45 सेंटिमीटर झाडोऱ्याच्या मातीचा थर सांगितला होता. एकूण 1.2 मीटर. उंचीची मर्यादा 10 मीटर असेल तर हे पांघरूण त्या दहातच बसवायचं. 20,000 चौरस मीटरवर 1.2 मीटर म्हणजे 24,000 घनमीटर. तळाचं अस्तर जमिनीखाली खणून बसवलंय असं उदारपणे धरलं, तरी हातात राहिले 98,000.

आता एक टन म्हणजे एक घनमीटर. हे पाण्याचं खरं आहे. एकदा गाडीतून पडलेल्या मिश्र कचऱ्याने 200 लिटरचं पिंप भरून आम्ही ते काट्यावर ठेवलं होतं, तेव्हा कचऱ्याचं वजन 76 किलो भरलं. म्हणजे घनमीटरला 380 किलो. भरावात टाकून साध्या डोझरने दोन-तीन फेऱ्या मारल्या की ते 0.5 ते 0.6 टनांपर्यंत जातं. दातेरी चाकांचा जड कॉम्पॅक्टर, अर्धा मीटरच्या आतले थर आणि चार-पाच फेऱ्या असं सगळं जमलं तर 0.8 किंवा थोडं वर. केंद्र सरकारची पाणीपुरवठा आणि स्वच्छतेची तांत्रिक संस्था सीपीएचईईओ, तिच्या 2000 सालच्या मॅन्युअलमध्ये कुजणाऱ्या कचऱ्यासाठी 0.85 धरलंय आणि निव्वळ निष्क्रिय मालासाठी, म्हणजे राडारोडा वगैरे, 1.1. मेसेजमधला 1 हा आकडा राडारोड्याच्या जवळचा आहे, भाजीच्या देठांच्या आणि कॅरीबॅगच्या जवळचा नाही.

दाबून दुप्पट करण्याची गोष्टही इथेच निकालात निघते. 0.6 वरून 0.85 वर जाणं म्हणजे सुमारे 40 टक्के वाढ. ती मोठी आहे, मशीनवर खर्च करावा इतकी मोठी, पण दुप्पट नाही. शिवाय पाचव्या-सहाव्या फेरीनंतर कचरा फारसा दबत नाही, डिझेल मात्र तितकंच जळतं. सगळ्यात जास्त बिघडतं ते थराच्या जाडीने. दीड मीटर कचरा एकदम पसरून त्यावरून मशीन फिरवलं तर वरचा अर्धा मीटर दबतो आणि खालचा स्पंजासारखा राहतो. ऑपरेटरला हे कळत नाही असं नाही. संध्याकाळी पाच गाड्या एकदम रांगेत उभ्या राहिल्या की कोणाचाही हात घाई करतो.

आणि पावसाळ्यातल्या घनतेवर कधी विश्वास ठेवू नये. आषाढात भिजलेली गाडी काट्यावर जड भरते, मग कोणीतरी खूष होऊन सांगतं की घनता वाढली. वाढलंय ते पाणी. ते पुढे लिचेट, म्हणजे कचऱ्यातून झिरपणारं घाण पाणी, होऊन तळातून निघतं, घनमीटर तेवढेच अडतात.

मातीबद्दल मात्र जरा थांबून बोलायला हवं, कारण सगळ्यात जास्त जागा न सांगता खाणारी तीच. ती फुकट असेलही. पण फुकटची पाहुणी घरात खोली अडवतेच.

2016 च्या नियमांत रोजच्या कामाच्या शेवटी किमान 10 सेंटिमीटर माती किंवा राडारोड्याचा थर सांगितला होता. वाचायला क्षुल्लक वाटतं. एका दिवसाचा भराव डोळ्यांसमोर आणा. 40 टन, घनता 0.6, म्हणजे 67 घनमीटर. थर दीड मीटरचा, तोही तीन-चार पातळ पसऱ्यांत दाबलेला, आणि कामाची रुंदी 7 मीटर ठेवली तर दिवसाअखेर भराव साधारण 6.4 मीटर पुढे सरकतो. आता उघडा पृष्ठभाग मोजा. वरचा भाग 45 चौरस मीटर. समोरचा उतार, ज्याची लांबी 4.7 मीटर, त्याचे 33. उघड्या बाजूच्या उताराचे 30. एकूण 108. पोकलेनच्या बकेटने 10 सेंटिमीटर माती पसरणं म्हणजे पाट्याने पुरणपोळीला तूप लावणं. खाली पडते ती 15 सेंटिमीटर, तेही चांगल्या दिवशी. 108 गुणिले 0.15 म्हणजे 16 घनमीटर, आपल्या भाषेत साडेपाच ब्रासच्या वर, म्हणजे दोन ब्रासच्या डंपरच्या तीन खेपा. रोज.

67 घनमीटर कचऱ्याला 16 माती म्हणजे ढोबळपणे 4 ला 1. भरावातली दर पाचवी जागा मातीची. मॅन्युअलमध्ये दैनिक मातीसाठी दहावा हिस्सा धरलाय. दीड मीटरच्या थरावर 15 सेंटिमीटर हा हिशोब वरच्या सपाट भागापुरता बरोबर आहे, आणि रोज हजार टन येणाऱ्या ठिकाणी उतारांचा वाटा किरकोळ राहतो म्हणून तो चालूनही जातो. आपल्यासारख्या लहान शहरात उतारच वरच्या भागापेक्षा जास्त भरतात. म्हणून लहान डेपोला दर टनामागे माती जास्त लागते. मोठ्या शहराचं प्रमाण उचलून इथे लावलं की आयुष्य कागदावर वाढतं.

यातली थोडी माती कचऱ्याच्या फटींत झिरपते, तेवढी जागा अडत नाही हे मान्य. त्यातही आपल्याकडचा मुरूम भुसभुशीत असला तर जास्त झिरपतो. पण पावसाळ्याआधी 2016 च्या नियमांप्रमाणे 40 ते 65 सेंटिमीटरचा मधला थर द्यायचा. तो ऑक्टोबरात खरवडून पुन्हा वापरला तर ठीक. तसाच ठेवून वर कचरा टाकला, तर 5,000 चौरस मीटरवर अर्ध्या मीटरचा थर म्हणजे 2,500 घनमीटर, म्हणजे सव्वा महिन्याच्या कचऱ्याची जागा दरवर्षी गाडली गेली. आणि ती माती आत पाणी अडवून बसते ते वेगळंच. पुढचा हिशोब करताना ती खरवडली जाते असंच धरतो.

```
98000 × 0.8 × 0.6 ÷ 40 = 1176 दिवस
```

म्हणजे सव्वातीन वर्षं. चांगलं मशीन लावून 0.85 गाठलं तर साडेचार.

मेसेजच्या बाजूने एक गोष्ट मी स्वतःहून घालतो, कारण ती पाठवणाऱ्याला सुचली नाही. कचरा कुजतो आणि खचतो. मॅन्युअल कुजणाऱ्या कचऱ्यासाठी दहावा हिस्सा खचण्याचा धरतं. तेवढं सगळं भराव चालू असतानाच मिळालं, तर माती वजा करून उरलेल्या 78,400 पैकी 7,840 घनमीटर परत येतात, म्हणजे चार महिने. प्रत्यक्षात खचणं अनेक वर्षं चालतं आणि वरचं पांघरूण घातल्यावर जे खचतं त्याचा उपयोग नाही. तेव्हा फार तर साडेतीन वर्षं म्हणा.

कचरा दरवर्षी तेवढाच येईल हेही मेसेजमध्ये गृहीत आहे. तीन वर्षांच्या हिशोबात याने फार फरक पडत नाही. पण 14 वर्षांवर वर्षाला 3 टक्के वाढ लावली तर त्यांची 14 वर्षंच साडेअकरावर येतात, बाकी काहीही न बदलता.

उलट, 40 हा आकडाच खाली आणता येतो. त्याच 2016 च्या नियमांनुसार भरावात जायला हवा होता तो फक्त निष्क्रिय आणि उरलेला माल, ओला कचरा नव्हे. वेगळा करून 10 टनच खड्ड्यात गेला तर आयुष्य ढोबळपणे चौपट. असा कोरडा माल दबतोही बरा आणि खचतो कमी. तेव्हा 14 वर्षांच्या आसपास पोहोचायचं असेल तर वाट ही आहे, पण मेसेजमध्ये तिचा उल्लेख नाही.

काकांनी मग विचारलं, “हे सगळं तुझं गृहीतच ना? 0.6 कशावरून, 4 ला 1 कशावरून?” प्रश्न रास्त होता. डेपो सुरू असेल तर गृहीत धरायची गरजच नसते. मे महिन्यात भरावाची टोटल स्टेशन या सर्वेक्षणाच्या यंत्राने किंवा ड्रोनने मोजणी करा, पुढच्या मेमध्ये पुन्हा. दोन पृष्ठभागांमधलं घनफळ म्हणजे वर्षभरात खाल्लेली जागा, माती आणि खचणं धरून. त्याच काळातली वजनकाट्याची एकूण टनं त्याने भागा. आपल्या उदाहरणात 14,600 टनांनी साधारण 30,400 घनमीटर भरतील, उत्तर 0.48. उरलेल्या घनमीटरांना 0.48 ने गुणून वर्षाच्या टनांनी भागलं की उरलेली वर्षं. घनता आणि मातीचं प्रमाण वेगळं शोधायची गरजच पडत नाही.

या आकड्यावरून लबाडीही कळते. मिश्र कचऱ्याच्या डेपोवर तो 1 च्या आसपास आला तर कॉम्पॅक्टरचं कौतुक करण्याआधी काट्याची वही बघा. मी एका ठिकाणी असा आकडा पाहिला होता. काटा चार महिने बंद होता आणि वहीत प्रत्येक गाडीपुढे एकच वजन लिहिलेलं होतं, गाडीच्या पाटीवरची क्षमता. गाडी अर्धी असो वा भरलेली.

मोजणी मेमध्येच का, तर तेव्हा ढीग कोरडा असतो आणि पावसाळ्याचा मधला थर अजून पडलेला नसतो. एक मोजणी मेची आणि दुसरी ऑक्टोबरची घेतली, तर अर्धा मीटर माती कचरा म्हणून मोजली जाते.